दहावीनंतर (लेखांक 4) : टक्केवारीने झाकलेलं गणित

मागच्या लेखांकात अकरावीच्या ऑनलाइन प्रवेश अर्जातले दहा पसंतीक्रम कसे लावायचे ते पाहिलं. 2025-26 पासून ही पद्धत पूर्ण राज्याला लागू झाली, त्यामुळे आता जुन्नर आणि आंबेगावच्या मुलांनाही तोच अर्ज भरावा लागतो. पण त्याआधी शाखा ठरवावी लागते आणि ती बहुतेक घरांत एकाच आकड्यावर ठरते. पंच्याहत्तरच्या वर असेल तर सायन्स, साठच्या आसपास असेल तर कॉमर्स आणि त्याखाली आर्ट्स. नारायणगाव असो की घोडेगाव, निकालानंतरच्या आठवड्यात पालकांच्या तोंडी हीच विभागणी असते. हा आकडा नेमका कसा तयार होतो ते आज पाहू, कारण शाखा निवडायला तो फारसा उपयोगी नाही.

राज्य मंडळाच्या दहावीत सहा विषय असतात, पण टक्केवारी काढताना सर्वाधिक गुणांचे पाचच धरतात. यालाच आपण ‘बेस्ट फाइव्ह’ म्हणतो. उदाहरणासाठी आंबेगावच्या पश्चिम भागातल्या, मराठी माध्यमात शिकलेल्या एका मुलीचं गुणपत्रक कल्पू. मराठी 88, हिंदी 84, इंग्रजी 71, गणित 66, विज्ञान 77, सामाजिक शास्त्रे 86. यातलं सर्वांत कमी गुणांचं गणित गळतं. उरलेल्या पाचांची बेरीज 406, म्हणजे 81.2 टक्के. पेढे या आकड्याचे वाटले जातात आणि काका-मामा ‘इंजिनीयरिंगला घाला’ म्हणतात तेही याच्यावरच. इंजिनीयरिंगला जो विषय सर्वांत जास्त लागतो, त्याचा एकही गुण या 81 मध्ये नाही. पाचांपैकी तीन तर भाषा आहेत.

आता एक पायरी खाली उतरू. गणिताचे 100 गुण म्हणजे बीजगणित 40, भूमिती 40 आणि अंतर्गत मूल्यमापनाचे 20. अंतर्गत गुण शाळा देते आणि बहुतेक मुलांना ते भरभरून मिळतात. शाळेत विचारलं तर कळतं. या मुलीला 19 मिळाले असतील, तर लेखी परीक्षेत तिने 80 पैकी 47 मिळवले. विज्ञानात प्रात्यक्षिकाचे 19 वजा केले की 80 पैकी 58 उरतात. विज्ञानाचेही दोन पेपर असतात. भाग 1 मध्ये भौतिक आणि रसायन, भाग 2 मध्ये मुख्यतः जीवशास्त्र आणि पर्यावरण. गुणपत्रकावर दोन्हींचा मिळून एकच आकडा येतो, म्हणून पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिका काढून बघाव्यात. समजा, भाग 1 मध्ये 40 पैकी 22 आणि भाग 2 मध्ये 33 आहेत. एवढ्यावरून मूल कुठे रमतं आणि कुठे अडतं याचा बराच अंदाज येतो. माझ्या मते दहावीच्या वर्गशिक्षकांनी निकालाच्या दिवशी प्रत्येक पालकासोबत दहा मिनिटं बसून हे गणित मांडायला हवं. ग्रामीण शाळांत वेगळा समुपदेशक सहसा नसतो. ते काम वर्गशिक्षकच करू शकतात, कारण ही सगळी माहिती त्यांच्या कपाटात असते.

राज्य मंडळाने 2016 मध्ये दहावीसाठी कल चाचणी सुरू केली होती. त्यात शेती, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रं होती. तिचा उपयोग होता, पण मर्यादाही मोठी होती. कल म्हणजे आवड. आवडीच्या क्षेत्रात लागणारा विषय मुलाला झेपतो का, हे त्यातून कळत नाही. अभिक्षमता वेगळी तपासावी लागते, आणि पुढे त्या चाचणीत ती जोडलीही गेली. कोणतीही चाचणी हाती नसेल तेव्हा वर केली तशी गुणपत्रकाची फोड हाच जवळचा मार्ग आहे.

दुसरी अडचण भाषेची. अकरावी आर्ट्स आणि कॉमर्स मराठीतून करता येतं. सायन्सची भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र ही पुस्तकं मात्र इंग्रजीत आहेत. सेमी इंग्लिशच्या मुलांना धक्का कमी बसतो. आश्रमशाळेतून किंवा पूर्ण मराठी माध्यमातून आलेलं मूल जूनमध्ये एकाच वेळी नवा विषय आणि नवी भाषा शिकत असतं. याची परीक्षा घरीच घेता येते. बालभारतीच्या संकेतस्थळावरून अकरावीचं भौतिकशास्त्राचं पुस्तक मोफत उतरवून घ्या. पहिला धडा मापनाचा आहे. त्यातलं एक पान मुलाला एकट्याने वाचू द्या आणि समजलं ते मराठीत सांगायला लावा. शब्द अडले पण अर्थ लावता आला, तर सुट्टीतल्या दीड महिन्यात शब्दसंग्रहाची तयारी होते. सगळे शब्द समजूनही कल्पनाच हाती लागली नाही, तर प्रश्न भाषेचा नाही. मग दुसरा धडा उघडा. त्यात सदिश आहेत, आणि विकलन व संकलनाची ओळखही. म्हणजे गणित सोडून फक्त जीवशास्त्र घेतलं तरी भौतिकशास्त्रातून गणित येतंच.

आपल्या मुलीकडे परत येऊ. तिला नर्स व्हायचं आहे. बी.एस्सी. नर्सिंगला बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं, गणित लागत नाही. तेव्हा सायन्सच घ्यायचं, पण कॉलेजात सोय असेल तर गणिताऐवजी भूगोलासारखा विषय. याची किंमतही तिला आधीच सांगावी, ती म्हणजे अभियांत्रिकीची वाट जवळपास बंद होते. 47 गुणांच्या गणितावर ती वाट धरण्यापेक्षा हे बरं. भौतिकशास्त्रासाठी मात्र तिला सुट्टीतच बीजगणित पक्कं करावं लागेल.

पुढचा प्रश्न एसटीचा. आहुपे खोऱ्यातून घोडेगावला ये-जा करणाऱ्या मुलीची दुपारची प्रात्यक्षिकं संपल्यावर परतीची गाडी मिळते का? मिळत नसेल तर वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाच्या आधीपासून डोक्यात ठेवावा लागतो. आदिवासी मुलींसाठी चौकशीचं ठिकाण घोडेगावचं एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय. प्रात्यक्षिकं बुडवून सायन्स करणारी मुलं बारावीत हमखास अडकतात.

गणित कच्चं आहे म्हणून डिप्लोमाला घालणारे पालकही बरेच असतात. अवसरी खुर्दचं शासकीय तंत्रनिकेतन जवळ आहे, तीन वर्षांत डिप्लोमा होतो आणि पुढे पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. पण डिप्लोमाच्या पहिल्याच वर्षी गणिताचा पेपर असतो. ज्याला हाताने काम करायला आवडतं आणि गणिताची भीती नाही, त्याच्यासाठी हा रस्ता उत्तम. गणितापासून पळणाऱ्यासाठी तो नाही.

कॉमर्सकडेही असंच नीट पाहावं. पुस्तपालन, अर्थशास्त्र आणि वाणिज्य संघटन यांच्यासोबत गणित किंवा चिटणीसाची कार्यपद्धती यांतला एक विषय निवडता येतो. बरीच मुलं डोळे झाकून दुसरा घेतात. सी.ए. करायचं मनात असेल तर हे महागात पडतं, कारण त्याच्या फाउंडेशन परीक्षेत गणित आणि सांख्यिकीचा शंभर गुणांचा पेपर आहे.

आर्ट्सला ‘उरलेल्यांची शाखा’ म्हणणं मला मनापासून खटकतं. पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम कोणत्याही शाखेच्या बारावीनंतर करता येतो. स्पर्धा परीक्षांना पदवी लागते, ती अमुक शाखेचीच हवी असं नसतं. ज्या मुलाला सामाजिक शास्त्रात 86 मिळतात आणि भूमितीचा पेपर बघून पोटात गोळा येतो, त्याने आर्ट्स पहिल्या पसंतीने घ्यावं. फक्त जवळच्या कॉलेजात भूगोल, अर्थशास्त्र, मानसशास्त्र यांपैकी काय शिकवलं जातं आणि त्या विषयाला शिक्षक आहेत का, हे अर्ज भरण्याआधी जाऊन विचारावं. माहितीपुस्तिकेत विषय छापलेला असतो, पण शिकवणारं कोणी आहे की नाही ते कॉलेजातच कळतं.

एक गोष्ट सर्व शाखांना लागू आहे. सायन्सची बारावी करून नंतर बी.ए. किंवा बी.कॉम.कडे वळता येतं. आर्ट्स किंवा कॉमर्समधून बी.एस्सी. किंवा इंजिनीयरिंगकडे येता येत नाही. हे ऐकून काही पालक ‘मग सायन्सच घेऊन ठेवू’ म्हणतात. पण परतीचा रस्ता बारावी चांगल्या गुणांनी झाली तरच कामाचा असतो. भौतिकशास्त्रात काठावर पास झालेल्या मुलाच्या हातात बी.कॉम.साठीही कमी टक्के उरतात, आणि पुस्तपालनाची दोन वर्षं गेलेली असतात ती वेगळीच.

पुढच्या आठवड्यात : आयटीआयचे ट्रेड, आणि ते निवडताना कार्यशाळेत काय बघायचं.