थायरॉईडचा रिपोर्ट: आधी रक्त, मग गोळी

थायरॉईडची गोळी मी गेली बारा वर्षे घेते. मागच्या हिवाळ्यात कुपत खोलीमच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट मोबाईलवर आला आणि माझी झोपच उडाली. एफटी-फोर 21, आणि पुढे जास्त असल्याची खूण! आदल्या वर्षी ठाण्याला बहिणीकडे राहिले असताना तोच आकडा 1.4 आला होता. एका वर्षात पंधरापट?

डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, "आकड्याआधी त्याच्यापुढचे एकक बघा." भारतातल्या रिपोर्टवर बहुतेक ng/dL असते, आपल्याकडे pmol/L. भारतातल्या आकड्याला 12.87 ने गुणले की इथला आकडा मिळतो. 1.4 गुणिले 12.87 म्हणजे 18. फरक 18 आणि 21 इतकाच निघाला. टीएसएचचे मात्र तसे नाही. तिथे mIU/L लिहिलेले असो वा µIU/mL, आकडा तोच राहतो.

तरीही माझ्या रिपोर्टवर मर्यादा 10 ते 20 छापली होती, म्हणजे 21 थोडे जास्तच. ही मर्यादा प्रत्येक लॅबची थोडी वेगळी असते, म्हणून शेजारणीच्या कागदावरची मर्यादा आपल्याला लावू नये.

मग बाईंनी विचारले, "त्या दिवशी गोळी किती वाजता घेतली?" सहा वाजता, नेहमीसारखी. रक्त दिले साडेआठला. तिथेच उलगडा झाला. गोळी घेतल्यावर दोन ते चार तासांनी रक्तातला एफटी-फोर सर्वात वर चढलेला असतो. टीएसएच इतक्या लवकर हलत नाही. माझे 2.1 होते, अगदी मर्यादेत. थोड्याच दिवसांनी मी आधी रक्त दिले आणि मग गोळी घेतली. एफटी-फोर 17.9 आला. डोस तोच राहिला.

उपाशीपोटाचाही घोळ होतो. गोळी रोज रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर आणि चहाच्या निदान अर्धा तास आधी घ्यायची असते. पण थायरॉईडच्या तपासणीसाठी उपाशी राहावे लागत नाही. त्याच वेळी उपाशीपोटीची साखर तपासायची असेल, तर तिच्यासाठी उपास. टीएसएच पहाटे जास्त आणि दुपारी कमी असते, म्हणून दर वेळी साधारण एकाच वेळी, सकाळी रक्त द्यावे. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर आधी डॉक्टरांना सांगा, कारण त्यांनी आकडे चुकीचे येऊ शकतात.

एक मात्र लक्षात ठेवा. एफटी-फोर जास्त आणि टीएसएचही मर्यादेच्या खूप खाली असेल, तर ते गोळीच्या वेळेमुळे नाही. डोस जास्त होत असेल, आणि आपल्या वयात त्याने हृदयाचे ठोके बिघडतात, हाडे ठिसूळ होतात. अशा वेळी स्वतः गोळी कमी न करता लगेच डॉक्टरांना रिपोर्ट दाखवा. त्यांनी डोस बदलला, तर पुढची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी. टीएसएचला स्थिरावायला तेवढा वेळ लागतो.

आता तपासणीच्या आदल्या रात्री मी गोळीची डबी पर्समध्येच ठेवते. रक्त दिले की तिथेच पाण्याबरोबर गोळी घेते. चहा घरी आल्यावर.