प्रवासखर्चाचे नवे दर : कधीपासून, किती आणि कोणत्या कागदावर

कामानिमित्त झालेल्या खर्चाच्या परताव्याचे नियम बदलले की कार्यालयात एक परिपत्रक फिरते. त्यातला दरांचा तक्ता सगळे वाचतात आणि तक्त्याखालच्या ओळी बहुतेक जण सोडून देतात. बिल मंजूर होणार की परत येणार, हे मात्र त्या ओळींवर ठरते. केंद्र सरकारच्या अर्थ मंत्रालयातील व्यय विभागाने 13 जुलै 2017 रोजी काढलेला आदेश याचा चांगला नमुना आहे. सातव्या वेतन आयोगानंतर दौऱ्यावर जाणाऱ्या कर्मचाऱ्यांचा मुक्काम, शहरांतर्गत प्रवास आणि जेवण यांचे दर त्याने नव्याने ठरवले. खासगी कंपन्यांची धोरणे तपशिलात वेगळी असतात, तरी प्रश्न तेच असतात.

पहिला प्रश्न तारखेचा. आदेश 13 जुलैला निघाला, पण तो 1 जुलै 2017 पासून लागू झाला. त्या तारखेला किंवा तिच्यानंतर केलेल्या प्रवासाला नवे दर आणि तिच्या आधीच्या प्रवासाला 23 सप्टेंबर 2008 च्या आदेशाचे जुने दर, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. म्हणजे निर्णायक ठरली ती प्रवासाची तारीख. बिल कधी भरले याला महत्त्व नव्हते. जूनमध्ये दौरा करून जुलैच्या अखेरीस बिल सादर करणाऱ्याला जुनेच दर मिळणार होते. परिपत्रकात नुसते ‘1 तारखेपासून लागू’ एवढेच लिहिले, तर लेखा शाखेत वाद ठरलेला. एक जण प्रवासाची तारीख धरतो, दुसरा बिलाची. दर वाढत असतील, तर मागची तारीख देण्याने कुणाचे नुकसान होत नाही. दर किंवा मुदत कमी होत असेल, तर मात्र पुढची तारीख द्यावी, हेच न्याय्य. जुन्या नियमावर विसंबून खिशातून पैसे खर्च केलेल्या माणसावर नवी मर्यादा लादणे योग्य नाही.

दुसरा प्रश्न मर्यादेचा, आणि गोंधळ सर्वांत जास्त इथेच होतो. तक्त्यातले सगळे आकडे एकाच अर्थाचे नसतात. 2017 च्या आदेशात मुक्कामाचा आकडा ही कमाल मर्यादा आहे. प्रत्यक्ष खर्च त्याहून कमी असेल, तर तेवढाच परत मिळतो. जेवणाचा आकडा मात्र ठोक रक्कम आहे. 2008 च्या आदेशात जेवणाची बिले जोडून मर्यादेपर्यंत परतावा घ्यावा लागे. 2017 मध्ये ती पद्धत बंद झाली. हा बदल शहाणपणाचा होता. स्टेशनवरचा चहा, गाडीतली इडली, रस्त्यालगतची राईसप्लेट यांची बिले मिळत नाहीत आणि मिळवायला गेले की खोटी बिले तयार होतात. ठोक रक्कम दिली की तपासणाराचा वेळ वाचतो आणि प्रामाणिक माणसाला लाजिरवाणे कागद गोळा करावे लागत नाहीत.

ठोक रक्कम दिली तरी ती सरसकट पूर्ण मिळत नाही. मुख्यालयापासून दूर असण्याचे तास मध्यरात्र ते मध्यरात्र असे, प्रत्येक दिवसाचे वेगळे मोजले जातात. एखाद्या दिवशी सहा तासांपेक्षा कमी गैरहजेरी असेल तर त्या दिवसाच्या रकमेच्या 30 टक्के, सहा ते बारा तास असेल तर 70 टक्के आणि बारा तासांपेक्षा जास्त असेल तर पूर्ण रक्कम.

2017 च्या दरांनी एक उदाहरण करून पाहू. नागपूरच्या कार्यालयातला, वेतनश्रेणीच्या सातव्या स्तरावरचा कर्मचारी सोमवारी संध्याकाळी पाचला पुण्यासाठी निघतो. मंगळवारी सकाळी पोहोचतो, ती रात्र हॉटेलात राहतो, बुधवारी काम उरकून रात्रीच्या गाडीत बसतो आणि गुरुवारी सकाळी अकराला नागपुरात परततो. सोमवारची गैरहजेरी सात तासांची, म्हणजे 70 टक्के. मंगळवार आणि बुधवार पूर्ण. गुरुवार अकरा तासांचा, म्हणजे पुन्हा 70 टक्के. या स्तराला जेवणाची रक्कम दिवसाला 800 रुपये होती. त्यामुळे 560, 800, 800 आणि 560 मिळून 2,720 रुपये झाले, तेही एकही बिल न जोडता. हाच माणूस सोमवारी रात्री सातला निघाला असता, तर त्या दिवसाचे पाचच तास भरले असते आणि 560 ऐवजी 240 मिळाले असते.

आता मुक्काम. हॉटेलचे बिल 1,150 रुपये झाले. सहा ते आठ या स्तरांना मुक्कामाची सर्वसाधारण मर्यादा 750 रुपये होती आणि तेवढी रक्कम स्वयंप्रमाणित दाव्यावर, म्हणजे मुक्कामाचा कालावधी आणि जागेचे नाव स्वतःच्या सहीने लिहून दिले तरी मिळत होती. पुणे हे मुंबईप्रमाणेच ‘एक्स’ वर्गातले शहर. अशा शहरांत आठव्या स्तरापर्यंतच्या सर्वांसाठी मर्यादा 1,000 रुपये होती, पण त्यासाठी पावती हवी. म्हणजे पावती जोडली तर 1,000, हरवली तर 750. उरलेले पैसे दोन्ही वेळा कर्मचाऱ्याच्या खिशातून.

शहरांतर्गत प्रवासाची मर्यादा दिवसाला 225 रुपये. मंगळवारी रिक्षाला 180 आणि बुधवारी 260 गेले, तर 180 आणि 225 असे 405 रुपये मिळतात. मंगळवारी वाचलेले 45 रुपये बुधवारच्या हिशेबात ओढता येत नाहीत. या स्तराला इथेही पावतीची गरज नाही, मात्र प्रवासाचा कालावधी आणि वाहनाचा क्रमांक लिहावा लागतो. रिक्षातून उतरताना क्रमांक टिपला नाही, तर चार दिवसांनी तो आठवत नाही. आणि क्रमांकाची जागा रिकामी दिसली की लेखा शाखा बिलावर हरकत घेते. रेल्वेभाडे वेगळे धरून या दौऱ्याचा दावा 4,125 रुपयांचा होतो.

दावा सादर करण्याची वाट साधी आहे. दौरा आधी मंजूर झालेला असावा लागतो. परतल्यावर प्रवास भत्ता देयकात निघण्या-पोहोचण्याच्या तारखा आणि वेळा भरायच्या, तिकीट आणि हॉटेलची पावती जोडायची आणि ते नियंत्रक अधिकाऱ्याच्या प्रतिस्वाक्षरीसाठी द्यायचे. तिथून ते लेखा शाखेकडे जाते. या देयकात वेळेचा रकाना फार महत्त्वाचा, कारण जेवणाची टक्केवारी त्यावरूनच निघते. तिकिटावरची वेळ आणि देयकातली वेळ जुळत नसेल, तर तपासणाऱ्याची लेखणी तिथेच थांबते.

शेवटची गोष्ट मुदतीची. दौऱ्याच्या दाव्यासाठी पूर्वी एक वर्षाची मुदत होती. मार्च 2018 मध्ये ती प्रवास पूर्ण झाल्यापासून 60 दिवसांवर आणली गेली. दर बदलल्याची बातमी कार्यालयात लगेच पसरते, मुदत आखडल्याची पसरत नाही. म्हणून परिपत्रक काढणाऱ्याने मुदतीची ओळ तक्त्याच्या वर, ठळक अक्षरांत छापावी आणि कर्मचाऱ्याने परतीची तारीख धरून साठ दिवस लगेच मोजून ठेवावेत. मुदतीत न मागितलेल्या प्रवास भत्त्यावरचा हक्क सोडून दिला असे नियमाने मानले जाते.