बाहेरून दहावी: आधी जन्मतारीख ठरवा

कुणी ‘बाहेरून दहावी करतोय’ म्हटलं की आपल्याकडे पहिली आठवण येते ती सतरा नंबरच्या फॉर्मची. तो फॉर्म राज्य मंडळाचा. तो भरणारा खाजगी विद्यार्थी शाळेतल्या मुलांच्याच अभ्यासक्रमावर मंडळाचीच परीक्षा देतो. दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे ‘एनआयओएस’ची. हे केंद्र सरकारचं १९८९ साली सुरू झालेलं स्वतंत्र परीक्षा मंडळ आहे. त्याचा अभ्यासक्रम वेगळा आहे, परीक्षा वर्षातून दोनदा होते, माध्यम मराठी घेता येतं आणि पाच विषय पाच वर्षांत, नऊ संधींमध्ये, एकेक करून सोडवता येतात. शाळा सुटून वीस वर्षं झालेल्या माणसाला ही वाट सोयीची पडते, असं माझं मत.

प्रवेशाची शैक्षणिक अट इथे फार सैल आहे. वय चौदा पूर्ण हवं, वरची मर्यादा नाही. आठवीचा दाखला नसेल तर ‘दहावीचा अभ्यास करण्याइतकं शिक्षण मी घेतलं आहे’ असं स्वतः लिहून दिलेलं चालतं. अर्ज अडतो तो कागदांपाशी, आणि त्यातही जन्मतारखेपाशी.

समजा, सुनीता नावाची एक बाई आहे. माहेर मंगळवेढा तालुक्यात, आठवीनंतर शाळा सुटली, लग्न झालं, आता हडपसरला भाड्याच्या खोलीत राहते. आधारवर तिचं नाव ‘सुनीता रमेश पवार’ आणि जन्मतारीख १ जानेवारी १९९०. शाळेच्या दाखल्यावर नाव ‘शिंदे सुनीता दत्तू’ आणि जन्मतारीख १ जून १९८८. यातली कोणती खरी, हे तिच्या आईलाही सांगता येत नाही.

दोन्ही तारखा कशा जन्माला आल्या असतील, ते मात्र सांगता येतं. शाळा जूनमध्ये उघडायची. मूल सहा वर्षांचं भरावं म्हणून गुरुजी मागे मोजून १ जून लिहायचे. (निम्म्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी, हे आपल्याकडे कुणाला नवल वाटत नाही.) आधार काढताना कागद जवळ नसला की लोक अंदाजाने वय सांगायचे, त्यावरून नुसतं वर्ष धरलं जायचं. पुढे कधीतरी त्या वर्षाला १ जानेवारी चिकटली.

अशा वेळी माझा सल्ला सरळ आहे: शाळेची तारीख धरावी. ती आधी लिहिली गेली आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये अजून जागेवर आहे. आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नाही; नव्या आधारपत्रांवर तसं छापलेलंही असतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे हरियाणातल्या अपघात भरपाईचं एक प्रकरण आलं होतं. मृताच्या आधारवर १ जानेवारी १९६९ आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ७ ऑक्टोबर १९७० अशी तारीख होती. न्यायालयाने वय दाखल्यावरून धरलं.

नोकरीच्या वयोमर्यादेकडे बघून १९९० ची तारीख लावून घ्यावी, हा मोह सुनीताला होईल. पण दहावीच्या प्रमाणपत्रावर जी तारीख छापली जाते तीच पुढे पासपोर्टपासून पेन्शनपर्यंत सगळीकडे धरली जाते, आणि शाळेचं रजिस्टर कधीतरी कुणीतरी उघडून बघतं. तेव्हा तिने आधी मंगळवेढ्याला जाऊन शाळेतून दाखला काढावा. मूळ दाखला हरवला असेल तर दुय्यम प्रत किंवा जनरल रजिस्टरचा उतारा मागावा. तारीख आकड्यांत आणि अक्षरांत सारखीच आहे ना, हे शाळेतच उभं राहून वाचावं. शाळा सोडल्यानंतर रजिस्टरमधली तारीख सहसा बदलून मिळत नाही. लिहिताना झालेली उघड चूकच दुरुस्त होते, आणि तीही शिक्षण विभागाच्या परवानगीने.

मग आधारची तारीख लगेच बदलून घ्यावी का? इथे घाई नको. आधारवरची जन्मतारीख सर्वसाधारणपणे एकदाच बदलता येते. सोबतचा कागद कच्चा असेल तर अर्ज फेटाळला जाऊन हेलपाटे वाढतात. मान्यताप्राप्त मंडळाची गुणपत्रिका तिथे चालते, पण नेमकी तीच सुनीताकडे अजून नाही. ग्रामपंचायतीत तिच्या जन्माची नोंद सापडली तर उत्तमच. ती मुळातच झालेली नसेल, तर इतक्या वर्षांनी ती करायला दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. म्हणून दोन तारखांचे कागद घेऊन तिने फी भरण्याआधीच एनआयओएसच्या पुण्यातल्या प्रादेशिक केंद्रात जावं, कोणत्या कागदावर अर्ज मान्य होईल ते विचारून घ्यावं आणि मगच अर्जात तारीख टाकावी.

नावाचा गुंता त्या मानाने सुटण्यासारखा आहे. बँक, रेशन, मतदार यादी सगळीकडे ती पवार झालेली आहे, त्यामुळे आधारवरचं नाव ठेवणं सोयीचं. मात्र शाळेची शिंदे आणि आताची पवार एकच, हे दाखवणारा कागद हवा. तो म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला. नोंदणी राहून गेली असेल तर ती उशिराही होते. अर्जात आई-वडिलांची नावं विचारतात. तिथे वडील दत्तू शिंदेच राहतात, नवऱ्याचं नाव घालायचं नाही. जुन्या दाखल्यांवर आईचं नाव बहुधा नसतंच. ते आईच्या आधारवर जसं आहे तसंच, त्याच स्पेलिंगने लिहावं.

रहिवासाचा पुरावा अनेकांना निव्वळ उपचार वाटतो, पण अभ्यास केंद्र कोणतं निवडायचं हे राहत्या पत्त्यावर ठरतं. सुनीताच्या आधारवर अजून गावचा पत्ता असेल आणि तिने तोच टाकला, तर केंद्र सोलापूर जिल्ह्यातलं पडेल. मग संपर्क वर्ग, प्रात्यक्षिकं आणि परीक्षा यांसाठी हडपसरहून तिकडे धावायचं. आधारवरचा पत्ता हवा तितक्या वेळा बदलता येतो. नवऱ्याचा पत्ता हडपसरचा असेल तर विवाहाचा दाखला जोडून, कुटुंबप्रमुख म्हणून त्याच्या संमतीने तिचाही पत्ता ऑनलाइन बदलतो. वर काढलेला दाखला इथेही कामी येतो. परीक्षा होईपर्यंत जिथे राहणार, तोच पत्ता द्यावा.

एवढं जमलं की अर्ज तासाभराचं काम आहे. तो sdmis.nios.ac.in या संकेतस्थळावर भरतात. एप्रिल-मेच्या परीक्षेसाठी प्रवेश साधारण आदल्या मार्चच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या परीक्षेसाठी आदल्या सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत असतो. फोटो, सही, वयाचा आणि पत्त्याचा पुरावा स्कॅन करून चढवायचा. बायकांना फीमध्ये सवलत आहे.

फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात जाण्यात गैर काही नाही, पण मोबाइल नंबर आणि ईमेल आपलाच टाकायला लावावा. दुकानदार सोयीसाठी स्वतःचा नंबर टाकतो आणि मग ओटीपी, सूचना, हॉल तिकिटाची खबर सगळं त्याच्याकडे जातं. ‘हमखास पास’ म्हणणाऱ्याकडे तर कागद देऊच नयेत. मूळ दाखला एकदा त्याच्या कपाटात गेला की तो पैसे मोजल्याशिवाय बाहेर येत नाही.

प्रवेश पक्का झाला की ओळखपत्र डाउनलोड होतं. त्यावरचं नाव, आई-वडिलांची नावं आणि तारीख अक्षर न् अक्षर वाचावी. चूक दिसली तर तेव्हाच दुरुस्तीचा अर्ज द्यावा. प्रमाणपत्र छापून आल्यावर तेच काम कितीतरी जड जातं. आणि सुनीताची गुणपत्रिका हातात आली की ती घेऊन आधार केंद्रात जावं. १ जानेवारी १९९० खोडायला लागणारा पक्का कागद तेव्हा तिच्याजवळ असेल.