सहा रुपयांचा क्लिक, हजार रुपयांची ऑर्डर

देवगडच्या बागायतदाराने वाशीच्या बाजारात माल न पाठवता पुण्या-मुंबईच्या घरांत थेट पेट्या पोचवायचे ठरवले, की अडत वाचते, पण गिऱ्हाईक स्वतः शोधावे लागते. आज ते शोधायची जागा म्हणजे बहुतेक वेळा फेसबुक-इन्स्टाग्राम किंवा गूगलवरची जाहिरात. समजा, त्याने एका जाहिरातीवर सहा हजार रुपये लावले. चार दिवसांनी पडद्यावर तीन आकडे दिसतात: सीपीएम १२० रुपये, सीटीआर ०.८ टक्के, सीपीसी १५ रुपये. पैसे सत्कारणी लागले की वाया गेले, हे या तीन आकड्यांवरून ठरवायचे असते. पण त्यातला एकच आकडा धरून बसले, तर निष्कर्ष हमखास चुकतो.

आधी अर्थ पाहू. सीपीएम म्हणजे जाहिरात हजार वेळा दिसण्याचा खर्च. इथे मोजणी दिसण्याची असते, माणसांची नव्हे. एकाच माणसाला जाहिरात पाच वेळा दिसली, तर ती पाच वेळा मोजली जाते. सीटीआर म्हणजे शंभर वेळा दिसल्यावर तिच्यावर किती वेळा क्लिक झाला, ते प्रमाण. आणि सीपीसी म्हणजे एका क्लिकमागे पडलेला खर्च.

आपल्या बागायतदाराचा हिशेब असा लागतो. हजाराला १२० रुपये या दराने सहा हजारांत जाहिरात ५०,००० वेळा दिसली. शंभराला ०.८ म्हणजे हजाराला आठ क्लिक, म्हणजे एकूण ४०० क्लिक. सहा हजार भागिले ४००, म्हणजे क्लिकला १५ रुपये. हेच थोडक्यातही करता येते: हजाराचा दर १२०, हजारात क्लिक आठ, १२० भागिले आठ, उत्तर १५. याचा अर्थ असा, की सीपीसी हा स्वतंत्र आकडा नाही. तो इतर दोन आकड्यांच्या भागाकारातून निघतो.

ही गोष्ट ध्यानात ठेवली की जाहिरात का महागली, हे शोधता येते. समजा, १५ रुपयांचा क्लिक आठवड्याभरात २४ रुपयांवर गेला. असे दोन कारणांनी होऊ शकते. एक तर हजारामागचे क्लिक आठच राहिले, पण हजाराचा दर १२० वरून १९२ झाला. म्हणजे जागाच महागली. अक्षय्य तृतीयेच्या आसपास सराफ, गाड्यांचे विक्रेते आणि इतर आंबेवाले त्याच पुणेकरांपुढे जाहिराती लावतात, तेव्हा लिलाव चढतो. यावर उपाय म्हणजे तारखा बदलणे किंवा दुसऱ्या शहराकडे वळणे. दुसरे कारण असे, की दर १२० वरच आहे, पण हजारामागचे क्लिक आठवरून पाचवर आले. तीच जाहिरात त्याच लोकांना पुन्हा पुन्हा दिसते आहे आणि ज्यांना घ्यायचे होते त्यांनी पहिल्या दोन-तीन वेळांतच क्लिक केले आहे. एका माणसाला ती सरासरी किती वेळा दिसली, याचा आकडाही पडद्यावर असतो. तो चढत असेल आणि सीटीआर उतरत असेल, तर जाहिरात शिळी झाली समजावे आणि नवा फोटो, नवा मजकूर द्यावा. दोन्ही वेळा क्लिक २४ रुपयांनाच पडतो, पण उपाय मात्र वेगळे असतात.

हे तीन आकडे आले कुठून, हे पाहिले की जाहिरातीचा खर्च कोण ठरवतो तेही कळते. हजाराचा दर छापील माध्यमांकडून आला. वृत्तपत्रे आणि नियतकालिके खपाच्या हिशेबाने जागा विकत. ऑक्टोबर १९९४ मध्ये हॉटवायर्ड या अमेरिकी संकेतस्थळावर एटीअँडटी या दूरध्वनी कंपनीची पट्टीजाहिरात झळकली, तिच्यावर सुमारे ४४ टक्के पाहणाऱ्यांनी क्लिक केल्याचे सांगितले जाते. नवलाई ओसरल्यावर तसे प्रमाण राहिले नाही. आज अशा पट्टीजाहिरातीला शंभरात एक क्लिक मिळणेही अवघड असते. अशा वेळी हजाराच्या दराने पैसे देणाऱ्याचा सारा धोका जाहिरातदाराच्या माथी येतो: कुणी क्लिक केले नाही, तरी बिल तेवढेच.

१९९८ मध्ये बिल ग्रॉस यांच्या गोटू डॉट कॉमने हा धोका उलटा फिरवला. शोधलेल्या शब्दाला बोली लावायची आणि क्लिक झाला तरच पैसे द्यायचे, अशी ती पद्धत होती. जास्त बोली लावेल त्याची जाहिरात वर दिसे. आता धोका जागा विकणाऱ्यावर आला. कुणी क्लिक करणार नाही अशी जाहिरात केवळ मोठ्या बोलीच्या जोरावर वर बसली, तर जागा अडते आणि गल्ल्यात काहीच पडत नाही.

यावर गूगलने २००२ मध्ये तोडगा काढला, आणि आजच्या जाहिरात-दरांचे मर्म त्यातच आहे. गूगलने नुसती बोली न पाहता बोली आणि सीटीआर यांचा गुणाकार पाहायला सुरुवात केली. समजा, 'देवगड हापूस' या शब्दांसाठी एक व्यापारी क्लिकला १० रुपये देऊ करतो आणि त्याच्या जाहिरातीला हजारात १० क्लिक मिळतात. म्हणजे हजारामागे त्याच्याकडून १०० रुपये येणार. दुसरा सहाच रुपये देऊ करतो, पण त्याच्या जाहिरातीवर हजारात ३० क्लिक होतात. त्याच्याकडून १८० रुपये येणार. म्हणून कमी बोलीचा माणूस वर बसतो. शिवाय, त्याला पूर्ण सहा रुपये द्यावे लागत नाहीत. पहिल्याच्या १०० रुपयांना मागे टाकायला ३० क्लिकांवर प्रत्येकी साडेतीन रुपयेही लागत नाहीत, आणि तेवढेच त्याच्याकडून घेतले जातात.

आजचे सूत्र यापेक्षा गुंतागुंतीचे आहे. जाहिरात शोधाशी किती जुळते, उघडणारे पान कसे आहे, हेही त्यात धरले जाते. पण गाभा तोच आहे. तुम्ही क्लिकच्या दराने पैसे देत असलात, तरी जागा विकणारा मनात हजाराचाच हिशेब करतो: या जागेतून हजारामागे मला किती मिळणार? या दोन हिशेबांना जोडणारी कडी म्हणजे सीटीआर. लोकांना जवळची वाटणारी जाहिरात म्हणूनच स्वस्त पडते.

इथवर वाचून कुणालाही वाटेल, की मग सीटीआर वाढवत न्यावा, काम झाले. फसगत होते ती नेमकी इथेच.

आपल्या बागायतदाराकडे परत येऊ. दोन डझनांच्या एका पेटीवर माल, खोके, पेंढा, कुरिअर आणि वाटेत खराब होणारी फळे हे सगळे वजा करून त्याला ४०० रुपये सुटतात असे धरू. जाहिरातीचा खर्च अजून यातून जायचा आहे. पहिल्या जाहिरातीच्या ४०० क्लिकांतून १२ ऑर्डरी आल्या. सहा हजार भागिले १२, म्हणजे ऑर्डरला ५०० रुपये. पेटीमागे १०० रुपयांचा तोटा.

मग तो दुसरी जाहिरात करतो: 'कमेंट करा आणि एक पेटी मोफत जिंका.' खर्च आणि हजाराचा दर तोच, पण हजारात २० क्लिक होतात. एकूण १,००० क्लिक, क्लिकला सहाच रुपये. पडद्यावर सगळे छान दिसते. पण आलेली माणसे फुकटच्या पेटीसाठी आलेली असतात. ऑर्डरी येतात सहा, आणि प्रत्येक ऑर्डर हजार रुपयांना पडते.

तिसऱ्या जाहिरातीत तो आढी उघडल्याचा फोटो लावतो आणि त्यावरच सगळे लिहून टाकतो: दोन डझन, फळाचे वजन, घरपोच किंमत, फक्त पुणे शहर, पेटी कधी पोचेल तो वार. किंमत पाहून कित्येक जण तिथेच थांबतात. हजारात सहाच क्लिक, एकूण ३००, क्लिकला २० रुपये. तिन्हींत सर्वांत कमी सीटीआर आणि सर्वांत महाग क्लिक. पण क्लिक करणारा किंमत वाचूनच आलेला असतो, त्यामुळे ऑर्डरी १८ येतात. ऑर्डरला सुमारे ३३३ रुपये. अठरा पेट्यांचे सुटलेले ७,२०० रुपये, त्यातून जाहिरातीचे ६,००० गेले, उरले १,२००. तिघींत नफ्यात राहिली ती हीच.

अर्थात, एवढ्या थोड्या ऑर्डरींवर कायमचा निकाल लावू नये. सहा आणि १८ यांतला फरक बोलका आहे. १२ आणि १८ यांतला मात्र काही अंशी योगायोगही असू शकतो. तीच जाहिरात आणखी थोडे दिवस चालवून पाहावी.

तिसऱ्या जाहिरातीच्या १,२०० रुपयांनाही एक कात्री लागते. पडद्यावरच्या खर्चात जीएसटी धरलेला नसतो. १८ टक्क्यांनी सहा हजारांवर १,०८० रुपये आणखी द्यावे लागतात. ताज्या फळांच्या विक्रीवर जीएसटी नाही, त्यामुळे आंबा विकणाऱ्याला या कराची वजावटही मिळत नाही. म्हणजे हातात उरतात १२० रुपये. यातली कमाई मुख्यतः पुढच्या मोसमातली असते: या १८ घरांतली काही घरे पुढच्या वर्षी जाहिरात न पाहताच फोन करतात.

क्लिकचा आकडा वाचतानाही दोन ठिकाणी नजर हवी. फेसबुकच्या जाहिरात-खात्यात सीटीआर दोन प्रकारचे दिसतात. एकात लाइक करणे, फोटो मोठा करणे, 'आणखी वाचा' दाबणे हे सारे धरलेले असते. दुसऱ्यात फक्त लिंकवरचे क्लिक असतात. विक्रीसाठी दुसरा आकडा धरावा. आणि लिंकवर क्लिक ३००, पण पान प्रत्यक्षात उघडले १८० वेळाच, असे दिसले तर दोष जाहिरातीचा नसून बहुधा पान जड असल्याचा असतो. किंवा मोबाइलवर बोट चुकून लागल्याने झालेले ते क्लिक असतात.

म्हणून जाहिरात लावण्याआधीच एक आकडा कागदावर लिहून ठेवावा: आपल्याला परवडणारा क्लिक. शंभर क्लिकांमागे सहा ऑर्डरी आणि पेटीमागे ४०० रुपये, म्हणजे शंभर क्लिकांतून २,४०० रुपये, क्लिकमागे २४. त्यातून जीएसटीची तरतूद केली, तर पडद्यावरचा सीपीसी २० रुपयांपर्यंत चालेल. बक्षिसाच्या जाहिरातीत हजार क्लिकांमागे सहाच ऑर्डरी होत्या. तिथे हाच हिशेब क्लिकमागे २ रुपये ४० पैसे सांगतो, आणि मग सहा रुपयांचा क्लिकही अडीचपट महाग ठरतो.