मिठाच्या पाण्यात चांदीचं क्लोराइड

सिल्व्हर नायट्रेटच्या पारदर्शक द्रावणात मिठाच्या पाण्याचे दोन थेंब टाका. क्षणात दह्यासारखा पांढरा साका धरतो. हे सिल्व्हर क्लोराइड. पाण्यात ते विरघळतच नाही असं आपण म्हणतो, पण ते पूर्ण खरं नाही. २५ अंशांना एक लिटर शुद्ध पाण्यात त्याचं सुमारे १.९ मिलिग्रॅम विरघळतं.

विरघळताना त्याचे चांदीचे आणि क्लोराइडचे आयन सुटे होतात. संपृक्त द्रावणात या दोन आयनांच्या तीव्रतांचा गुणाकार ठरलेला असतो, १.८ × १०⁻¹⁰. त्यालाच विद्राव्यता गुणाकार म्हणतात. शुद्ध पाण्यात दोन्ही आयन सारख्याच संख्येने असतात, त्यामुळे प्रत्येकाची तीव्रता या आकड्याचं वर्गमूळ, म्हणजे लिटरला सुमारे १.३ × १०⁻⁵ मोल.

आता पाण्यात लिटरला साधारण ६ ग्रॅम मीठ घाला. क्लोराइडची तीव्रता ०.१ मोल झाली. गुणाकार तर बदलत नाही, मग चांदीच्या आयनांनाच माघार घ्यावी लागते. भागाकार केला की त्यांची तीव्रता १.८ × १०⁻⁹ उरते, शुद्ध पाण्यातल्यापेक्षा सात हजार पटींहून कमी. हाच सामाईक आयन परिणाम. पाठ्यपुस्तकातलं गणित बहुधा इथेच संपतं.

पण द्रावणात खरोखर किती चांदी उरली हे मोजलं, तर ती या हिशेबाच्या हजारपटीहून जास्त निघते. गणितात चूक नसते. त्यात फक्त सुटे चांदीचे आयन धरलेले असतात. क्लोराइड मुबलक झालं की एकेका चांदीच्या आयनाला दोन-दोन क्लोराइड चिकटतात आणि AgCl₂⁻ हा विद्राव्य आयन तयार होतो. थोडं सिल्व्हर क्लोराइड न फुटता अखंड रेणू म्हणूनही पाण्यात राहतं. म्हणून मीठ वाढवत गेलं की विद्राव्यता आधी घटते, क्लोराइड लिटरला दोन-तीन सहस्रांश मोलच्या आसपास असताना तळ गाठते आणि पुढे पुन्हा चढू लागते. तळाशी लिटरला पाव ग्रॅमही मीठ नसतं! एकोणिसाव्या शतकातल्या ऑगस्टिन पद्धतीत याच चढत्या बाजूचा उपयोग होता: मिठासह भाजलेल्या खनिजातलं सिल्व्हर क्लोराइड गरम, दाट मिठाच्या पाण्यात विरघळवून घेत आणि मग तांब्यावर चांदी बसवत.

चांदी वजनाने मोजायची असेल तर हीच गोष्ट सांभाळावी लागते. मीठ किंवा हायड्रोक्लोरिक आम्ल गरजेपेक्षा किंचितच जास्त घालायचं. साका खाली बसला की वरच्या निवळीत आणखी एक थेंब सोडून पाहायचा. धुरकटपणा आला नाही तर थांबायचं. नंतर साका धुवायला नुसतं पाणी घेतलं तर तो बारीक कणांत फुटून गाळणकागदातून निसटू लागतो आणि मिठाचं पाणी घेतलं तर सुकल्यावर मीठच वजनात भर घालतं. म्हणून तो अतिसौम्य नायट्रिक आम्लाने धुतात, कारण ते तापवल्यावर उडून जातं.