बिल आहे, तरी चादर ‘डुप्लिकेट’ का ठरते?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत किंवा पूर्व भागात विणलेली चादर आज नव्या पेठेतल्या दुकानात विकली जाते, तशी मोबाइलवरही विकली जाते. दुकानदार कारखान्यातून माल उचलतो, फोटो काढतो, एखाद्या ऑनलाइन बाजारपेठेवर टाकतो. ऑर्डरी सुरू होतात आणि एके दिवशी निरोप येतो: तुमच्या मालाबद्दल बनावट असल्याची तक्रार आहे, लिस्टिंग बंद केले आहे, पुरावे पाठवा. माल अस्सल असला तरी असा निरोप येऊ शकतो. घाबरलेला विक्रेता मग हाताला लागेल ते बिल पाठवतो, ते नाकारले जाते आणि खरा माणूस खोटा ठरतो. हे बहुतेक वेळा काही पक्क्या गैरसमजांमुळे घडते.

गैरसमज: माझी चादर सोलापूरचीच आहे, म्हणजे ती बनावट असूच शकत नाही.

चादरीच्या बाबतीत आरोप दोन तऱ्हेचे असतात आणि त्यांची उत्तरे वेगळी आहेत. पहिला आरोप ठिकाणाचा. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला २००५-०६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणून दुसऱ्या गावी विणलेल्या चादरीला ‘सोलापुरी’ म्हणणे कायद्याने चुकीचे आहे. दुसरा आरोप नावाचा, म्हणजे एखाद्या कारखान्याच्या नोंदणीकृत ट्रेडमार्कचा. समजा, तुम्ही एका कारखान्याची चादर घेतली. पण ऑनलाइन टाकताना दुसऱ्या नामांकित कारखान्याच्या आधीच चालू असलेल्या पानाला तुमचा माल जोडला, कारण तिथे गिऱ्हाईक जास्त. चादर शंभर टक्के सोलापूरची आहे, तरी त्या पानापुरती ती बनावटच. इथे कोणतेही बिल तुम्हाला वाचवणार नाही. लिस्टिंग काढून आपल्या मालाचे वेगळे पान करणे आणि चूक झाली हे लेखी कळवणे, एवढाच मार्ग उरतो.

म्हणून उत्तर लिहिण्याआधी निरोप नीट वाचावा. तक्रार कोणाची आहे? ट्रेडमार्कच्या मालकाची असेल, तर त्यात बहुधा त्याचा नोंदणी क्रमांक आणि संपर्क असतो. गिऱ्हाइकाची असेल, तर ‘डुप्लिकेट’ हा शब्द त्याने रंग गेला किंवा माप कमी भरले म्हणूनही वापरलेला असतो. अशा वेळी पुरावा मालाच्या दर्जाचा आणि मापाचा हवा; कारखान्याच्या नावाचा नव्हे.

याच मुद्द्याला चिकटलेली एक उलटी भीतीही आहे: मानांकन वापरण्याची नोंदणी माझ्या नावावर नाही, मग मी ‘सोलापुरी चादर’ असे लिहूच शकत नाही. तसे नाही. १९९९ चा भौगोलिक निर्देशन कायदा स्पष्ट सांगतो की अधिकृत वापरकर्त्याकडून रीतसर विकत घेतलेला माल पुढे विकणे हे उल्लंघन नव्हे, फक्त माल बाजारात आल्यावर बिघडलेला नसावा. ट्रेडमार्क कायद्यातही असेच तत्त्व आहे. म्हणजे ऑनलाइन विकण्यासाठी कारखान्याचे परवानगीपत्र हवेच, असे कायदा म्हणत नाही. बाजारपेठा मात्र आपल्या अटींनुसार ते मागू शकतात. पण ‘रीतसर विकत घेतलेला’ हे सिद्ध करायचे तुम्हालाच. सगळा प्रश्न इथे येऊन थांबतो.

गैरसमज: जीएसटीचे पक्के बिल जोडले की काम झाले.

जीएसटीच्या नियमांप्रमाणे बिलावर विकणाऱ्याचे नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक, बिलाचा अनुक्रमांक, तारीख, मालाचे वर्णन, नग आणि रक्कम हवी. कोणता ट्रेडमार्क, कोणते डिझाइन, कोणता लॉट, हे लिहिण्याची सक्ती नाही. कारखान्यातून मिळणाऱ्या पुष्कळ बिलांवर नुसते ‘कॉटन चादर, ४० नग’ असते. हे बिल खरे आहे, पण ते तुमच्या फोटोतल्या चादरीबद्दल काहीच बोलत नाही. तपासणाऱ्याला या दोन गोष्टींमध्ये दुवा दिसला नाही की तो बिल बाजूला ठेवतो.

एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. एका दुकानदाराने एका कारखान्याकडून जूनमध्ये ४० आणि ऑगस्टमध्ये ६० अशा १०० चादरी घेतल्या. त्यातल्या ७२ ऑनलाइन गेल्या, ९ दुकानात विकल्या, ३ परत आल्या. म्हणजे गोदामात २२ असायला हव्यात. ऑक्टोबरमध्ये तक्रार आली. तपासणारा आधी तीन गोष्टी बघतो. पहिली ऑनलाइन विक्री बिलाच्या तारखेनंतरची आहे का? विकलेले नग बिलातल्या नगांत बसतात का? बिलावरचे नाव आणि पत्ता विक्रेत्याच्या खात्यावरच्या नावा-पत्त्याशी जुळतो का? दुकानदाराने फक्त जूनचे ४० नगांचे बिल पाठवले, तर उरलेल्या ३२ चादरी कुठून आल्या, हा प्रश्न उभा राहतो आणि अर्ज फेटाळला जातो. दुसरे बिल कपाटात पडून असते, पण ते पाठवायचे सुचत नाही. बिल भावाच्या किंवा वडिलांच्या जुन्या फर्मच्या नावाने आणि ऑनलाइन खाते स्वतःच्या नावाने, हा घोळ तर घरगुती धंद्यात नेहमीचा. तिथे दोन्ही फर्मचे नाते दाखवणारा कागद, किंवा एका फर्मने दुसऱ्या फर्मला केलेले बिल जोडावे लागते.

म्हणून या दुकानदाराने पाठवायला हवे ते असे. दोन्ही बिले पूर्ण पानाची. त्या बिलांचे पैसे गेल्याचा बँकेचा उतारा. वर दिलेला १०० नगांचा हिशेब चार ओळींत. आणि कारखान्याच्या लेटरहेडवर सही-शिक्क्याचे पत्र: अमुक क्रमांकांच्या, अमुक तारखांच्या बिलांनी दिलेल्या १०० चादरी आमच्याच उत्पादनाच्या, अमुक डिझाइनच्या आहेत. बिलावर जे लिहिलेले नाही, ते हे पत्र भरून काढते. माझ्या मते सगळ्या कागदांत त्याची किंमत सर्वांत जास्त, कारण ‘अस्सल’ म्हणण्याचा खरा अधिकार कारखान्यालाच आहे.

ट्रान्सपोर्टची बिल्टी असेल तर तीही जोडावी. ई-वे बिल नसेल तर घाबरू नये. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाख रुपयांपर्यंतच्या मालाला ते लागत नाही.

गैरसमज: चादरीवर बॅच नंबर नाही, म्हणजे माझा दावा लंगडा.

ऑनलाइन बाजारपेठांचे अर्ज सगळ्या मालासाठी एकाच साच्याचे असतात, त्यामुळे चादरीलाही बॅच विचारली जाते. औषधावर आणि सौंदर्यप्रसाधनांवर बॅच क्रमांक कायद्यानेच छापावा लागतो. पॅकबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांत मात्र बॅच सक्तीची नाही. तिथे बनवणाऱ्याचे किंवा पॅक करणाऱ्याचे नाव-पत्ता, वस्तूचे नाव, माप वा नग, महिना आणि वर्ष, कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क लागतो. म्हणून ‘बॅच’च्या रकान्यात मनाचा आकडा घालू नये. लेबलावरचा महिना-वर्ष, डिझाइनचे नाव किंवा क्रमांक, रंग, माप, आणि गाठीवर खूण असेल तर ती लिहावी.

हा तपशील तक्रार आल्यावर गोळा करता येत नाही, कारण तोवर गाठ फुटलेली असते आणि लेबले गिऱ्हाइकांच्या घरी गेलेली असतात. माल उतरतानाच बंद गाठीशेजारी बिल ठेवून एक फोटो घ्यावा. मग गाठ फोडून एका चादरीच्या लेबलाचा दोन्ही बाजूंनी फोटो घ्यावा. बिलाच्या मागे पेन्सिलीने लॉटची एक ओळ लिहावी: डिझाइन, रंग, नग, लेबलावरचा महिना. एका लॉटमधली एक चादर न विकता नमुना म्हणून ठेवली तर फारच उत्तम.

परत आलेल्या त्या ३ चादरींकडेही बघायला हवे. गिऱ्हाईक कधी कधी आपली जुनी किंवा दुसरीकडची चादर त्याच पिशवीत घालून परत करते. ती न तपासता पुन्हा पाठवली, तर पुढच्या गिऱ्हाइकाला खरोखरच बनावट माल मिळतो आणि तक्रारही खरी ठरते. लेबल नमुन्याशी जुळवावे. सोलापुरी चादरीची नक्षी जॅकार्डवर विणलेली असते, दोन्ही बाजूंना दिसते, फक्त रंग उलटे होतात. छापील नक्षी असेल तर चादर आपली नव्हे. शंका आली तर कडेचा एक धागा ओढून जाळावा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळून टणक मणी होतो. ही परीक्षा सूत सांगते; कारखाना सांगत नाही.

गैरसमज: बिलात ब्रँडचे नाव नाही, तर ते नंतर लिहून घेतले तरी चालते.

इथे अस्सल माल विकणाराही गुन्हेगार होऊ शकतो. मूळ बिलावर खाडाखोड करणे, संगणकावर नाव घुसवणे, मागच्या तारखेचे बिल करून घेणे, हे सगळे बनावट दस्तऐवजात मोडते. आणि मागच्या तारखेचे बिल उघडही पडते. सप्लायरने विवरणपत्र भरले की त्याने दिलेले बिल खरेदीदाराच्या GSTR-2B मध्ये दिसते. हे पत्रक दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होते. सप्लायर तिमाही विवरण भरत असेल तर नोंद उशिरा येऊ शकते, आणि तो कंपोझिशनमध्ये असेल तर येतच नाही. तेव्हा बँकेच्या उताऱ्याचे वजन वाढते. भाव उघड करायचा नसेल, तर दराचा आणि रकमेचा रकाना झाकण्याची मुभा काही बाजारपेठा देतात. झाकावा तेवढाच, बाकी अक्षरालाही हात लावू नये.

गैरसमज: तक्रार झाली म्हणजे आता पोलीस येणार.

लिस्टिंग बंद होणे हा बाजारपेठेचा निर्णय असतो. तो गुन्हा सिद्ध झाल्याचा पुरावा नव्हे. खोट्या ट्रेडमार्कचा माल विकल्यास ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे, हे खरे. पण ट्रेडमार्क कायद्यातच दोन आधार आहेत. वॉरंटशिवाय झडती आणि जप्ती उपअधीक्षकापेक्षा खालच्या दर्जाचा पोलीस अधिकारी करू शकत नाही, आणि त्यालाही आधी ट्रेडमार्क निबंधकाचे मत घ्यावे लागते. आणि विक्रेत्याने योग्य ती सगळी खबरदारी घेतली होती, शंकेला कारण नव्हते आणि माल कोणाकडून घेतला याची आपल्याकडची सगळी माहिती मागताच दिली, हे त्याने सिद्ध केले तर तो शिक्षेतून सुटतो. म्हणजे सप्लायर खोटा निघाला, तरी ती बिले प्रामाणिक विक्रेत्याच्या कामी येतात. बिलाशिवाय रोखीने माल उचलणाऱ्याकडे हा बचाव जवळजवळ उरत नाही.

सप्लायर पत्र द्यायला टाळाटाळ करत असेल, तर उरलेला माल विक्रीतून काढा, त्याला लेखी विचारणा करा आणि उत्तर येईपर्यंत त्याच्याकडून नवी गाठ उचलू नका. जीएसटी कायद्याप्रमाणे बिले वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपावीच लागतात. गाठीचे आणि लेबलाचे फोटोही तेवढाच काळ त्यांच्यासोबत ठेवा.