वाफेच्या इस्त्रीतून पडणारे तपकिरी थेंब

वाफेच्या इस्त्रीतून गळणारे पाणी स्वच्छ असेल, तर बहुधा तळ पुरेसा तापलेला नसतो. पाणी वाफ न होताच छिद्रांतून उतरते. दिवा विझेपर्यंत थांबले, की ही गळती थांबते. थेंब तपकिरी असतील, तर कारण वेगळे. बोअरवेलच्या जड पाण्यातले क्षार वाफेच्या कप्प्यात साचतात. टाकीत स्टार्च घातलेला असल्यास तो जळून त्यांत मिसळतो.

उपाय सोपा आहे. टाकी पाण्याने भरून इस्त्री सर्वाधिक तापमानावर तापवावी. दिवा विझल्यावर प्लग काढावा, इस्त्री सिंकवर आडवी धरून ‘सेल्फ क्लीन’ची कळ दाबावी आणि ती मागे-पुढे हलवावी. उकळत्या पाण्याबरोबर खपल्या बाहेर पडतात. वाफेपासून हात जपावा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे पुन्हा करावे. टाकीत व्हिनेगर घालण्यास अनेक उत्पादक मनाई करतात, म्हणून आधी माहितीपुस्तिका पाहावी.

छिद्रे मात्र इस्त्री थंड झाल्यावर, पाणी मिसळलेल्या व्हिनेगरात भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसावीत. पिनेने कोरल्यास तळाचा लेप खरवडतो आणि मग कपडा अडकू लागतो. शेवटी जुन्या फडक्यावर वाफ सोडून पाहावी. डाग उमटला नाही, तरच चांगला कपडा घ्यावा.